किलोमागे चार

आमच्या सेक्टरच्या बागेत सकाळी सहाला योग चालतो, असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात सहा वाजता सूचना चालतात. उद्या कोणाचा वाढदिवस, कोणाच्या मुलाला बंगळुरूला नोकरी लागली, चपला कुठे काढायच्या, मागच्या रांगेत बोलायचं नाही. मग ओंकार, मग व्यायाम. सूचना देणारे गृहस्थ इथल्या पोलादाच्या प्लांटमधून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना साहेब म्हणत होतो, कारण निवृत्तीनंतर हुद्दा जातो पण 'साहेब' जात नाही. हरिद्वारला पंधरा दिवस राहून ते प्रमाणपत्र घेऊन आले होते, आणि ते लॅमिनेट करून बागेतल्या कडुलिंबाला खिळ्याने ठोकलं होतं. झाडाला कोणी विचारलं नव्हतं.

मी प्लांटच्या ऊर्जा विभागात एकतीस वर्षं कारकुनी केली. भट्टीतून किती वायू निघाला, त्यात किती उष्मांक होते, त्यातले किती वापरले आणि किती चिमणीच्या टोकाला जाळून टाकले, याचे रोजचे तक्ते करणं हे माझं काम. त्यामुळे गटात 'कॅलरी' हा शब्द आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

साहेबांच्या सुनेच्या मनगटावर एक घड्याळ आलं होतं. ते चाललेल्या पावलांचे उष्मांक दाखवायचं. साहेबांना ते खटकलं. सून स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत चालली तरी तिच्या हातावर आकडा चढतो, आणि आपण तासभर योग करतो त्याचा काही आकडाच नाही, हे त्यांच्या प्रशासकीय मनाला सहन होईना.

"तुम्ही ऊर्जावाले," ते मला म्हणाले. "काढा हिशोब. योगात माणूस किती जळतो?"

माणूस किती जळतो हे मला तोवर माहीत नव्हतं, पण शोधायला कठीण गेलं नाही. यासाठी मेट नावाचं माप आहे. गप्प बसलेला माणूस म्हणजे एक मेट. त्यात किलोमागे तासाला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. काम जितकं जड तितके मेट जास्त; कोणत्या कामाला किती याची तयार यादी मिळते. मेट गुणिले वजन गुणिले तास, झालं. प्लांटमधल्या कोक भट्टीच्या हिशोबापेक्षा सोपं. मी दोन रात्री बसून आमच्या तासाचे तुकडे पाडले. दहा मिनिटं सूचना आणि ओंकार, बसून: एक पूर्णांक तीन. दहा मिनिटं हातपाय ताणणं: दोन पूर्णांक तीन. पंधरा मिनिटं सूर्यनमस्कार: तीन पूर्णांक तीन. दहा मिनिटं आसनं: अडीच. दहा मिनिटं प्राणायाम: दोन. शेवटची पाच मिनिटं शवासन: एक, म्हणजे नावाला जागून काहीच नाही. सगळं मिळून तासाचे सव्वादोन मेट. सत्तर किलोचा माणूस असेल तर जेमतेम एकशे साठ. त्यातले सत्तर तो घरी खुर्चीत बसून राहिला असता तरी गेलेच असते. म्हणजे बागेत येण्याची खरी कमाई नव्वदच्या आत.

साहेबांनी कागद पाहिला. मग चष्मा काढून पुन्हा पाहिला.

"हे काय? नव्वद?"

"सुनेच्या घड्याळाएवढंच," मी म्हणालो.

"इतके तुकडे कशाला पाडायचे? मिल चालते तेव्हा आपण काय करतो? यंत्राची क्षमता किती, शिफ्टचे तास किती, गुणाकार. मध्ये फोरमनने चहा प्यायला ते वजा करतो का?"

करत नव्हतो. आमच्या प्लांटची ती जुनी रीत होती आणि तिने अनेकांना बढत्या दिल्या होत्या. गेटमधून आत आल्यापासून गेटमधून बाहेर जाईपर्यंत सगळे तास कामाचे, आणि यंत्र कायम पाटीवर लिहिलेल्या क्षमतेने चाललेलं.

"तुमच्या यादीत योगाचा सगळ्यात मोठा आकडा कोणता?"

"पावर योगा. चार."

"मग चार लिहा. एकच आकडा. लोकांना समजला पाहिजे."

आता इथे मी भांडायला हवं होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. मला तेव्हा वाटलं नाही. मला गंमत वाटली. गटातल्या बाकीच्यांना मी आधीच मनातल्या मनात मूर्खांच्या खात्यात टाकलं होतं. त्यांच्या पाटीवर चुकीचा आकडा शोभला असता. मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं: किलोमागे चार. त्याखाली सही केली नाही, एवढा शहाणपणा मात्र दाखवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घरून न्हाणीघरातला वजनकाटा आणला आणि सगळ्यांची वजनं घेतली. ती एकदाच. पुढे काटा आणायचा नाही असं त्यांनी जाहीर केलं. "रोज काट्यावर चढलं की मन खचतं. आपण वजन मोजायचं नाही, ऊर्जा मोजायची." त्यांची पत्नी त्याच काट्यावर रद्दी मोजून द्यायची, हे खरं कारण नंतर कळलं. सिविक सेंटरच्या बाजारातून एक पांढरा बोर्ड आणला. त्यावर रोज नाव आणि आकडा. मी अठ्ठावन्न किलोचा, म्हणून दोनशे बत्तीस. साहेब बहात्तरचे, दोनशे अठ्ठ्याऐंशी. आणि बोर्डाच्या सगळ्यात वर, चारशे सोळा.

चारशे सोळावाले गृहस्थ शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. गोंदियाकडचे. वडील तिकडे धान लावायचे, हे इथे येऊन क्रेन ऑपरेटर झाले. तीस वर्षं रोज लोखंडी शिडी चढून छतालगतच्या केबिनमध्ये बसले, आणि रोज उतरले. केबिनमधल्या आठ तासांनी पोट दिलं, शिडीने गुडघे नेले. आम्ही त्यांना क्रेनभाऊ म्हणायचो. वजन एकशे चार. सूर्यनमस्कार त्यांना शक्यच नव्हते. बाकीचे ताणायचे, नमस्कार घालायचे, आसनं करायचे तेव्हा ते बसल्या बसल्या हात वर करायचे, बाजूला करायचे, मान वळवायचे. पस्तीस मिनिटं तेच.

वजनाने गुणलं की असं होतं. सगळ्यात जड माणूस सगळ्यात पुढे. मी एका सकाळी आसनं चुकवून हिशोब केला: क्रेनभाऊ तासभर नुसते गप्पा मारत बसले असते तरी त्यांचे एकशे पस्तीस झाले असते, आणि मी सगळे सूर्यनमस्कार घालून, घाम पुसून, एकशे एकतीस. हे गटात बोलून दाखवलं तेव्हा फार हशा झाला.

"भाऊ, आप बस बैठे रहो," एक जण म्हणाला. "आमी तशेच हरतो."

"हारनाच हाय तुमाले," क्रेनभाऊ म्हणाले. तेही हसले. त्यांना वाटलं, चेष्टा हरणाऱ्यांची चालली आहे.

पहिल्या आठवड्याअखेर साहेबांनी त्यांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि 'ऊर्जावीर' म्हणून घोषणा दिली. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवताना लोक एकमेकांकडे बघत होते. मीही वाजवल्या. क्रेनभाऊंनी ती माळ घरी नेली. ती त्यांच्या दारावर दिवाळीपर्यंत होती, वाळून खाकी झालेली.

बाग सुटली की आम्ही कोपऱ्यावरच्या ठेल्यावर जायचो. चहा, समोसा. योगानंतर समोसा खाण्यात कोणाला विसंगती दिसत नव्हती, कारण बोर्डावर भरपूर शिल्लक असायची. दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की क्रेनभाऊ समोसा विचित्र तऱ्हेने खातात. आधी बरोबर मधोमध मोडायचा. अर्धा खायचा. मग उरलेल्या अर्ध्यातून एक घास घ्यायचा. एकच. बाकीचा कागदात गुंडाळून खिशात. समोर समोसा ठेवून कोणी इतकी शिस्त पाळताना मी पाहिलं नव्हतं.

"हे काय व्रत?" मी विचारलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. कागदाला हळद लागली होती. फ्रीजवर चिकटवलेला काढून आणला होता.

"तुमाले दाखवाचंच होतं. तुमी हिशोबवाले. डाक्टरनं सांगतलं, दोनी गुडघे बदलाचे. पण एकशे चारवर मी हात नाई लावत म्हने. छान्नववर आना, तीन महिन्यात, मंग टेबलवर घेतो. नाई तं घरी जा."

"मग?"

"मंग काय. आठ किलो. पाहा न, बराबर हाय का."

मी पाहिलं. सकाळी बागेत चारशे सोळा. संध्याकाळी घरी टीव्हीपुढे खुर्चीवर तोच तास पुन्हा, आणखी चारशे सोळा. दोन्ही मिळून आठशे बत्तीस. नव्वद दिवसांचे चौऱ्याहत्तर हजार आठशे ऐंशी. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सात हजार सातशे. हे नातीने मोबाइलवर शोधून दिलं होतं. आठ किलोचे एकसष्ट हजार सहाशे. वजा केलं की तेरा हजार दोनशे ऐंशी जास्तीचे. भागिले नव्वद, दिवसाला दीडशेला दोन कमी. आणि समोसा अडीचशेचा.

"म्हनून अर्धा," ते म्हणाले, "अन् वर एक घास. तेवढी सूट बसते. बाकी घरी बाईले नेऊन देतो. जेवन तं होतं तेवढंच ठेवलं, कमी नाई, जास्ती नाई. वाढवलं तं हिशोब बिघडन."

मी कागद धरून उभा होतो. त्यांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावर आलेल्या इंजिनियरांच्या कागदांपैकी निम्म्यांत गुणाकार चुकलेले असायचे. यात एकही नव्हता. फक्त पहिली ओळ खोटी होती, आणि ती माझी होती.

"कावून बोलून नाई राहिले? चुकलं का?"

त्यांना काय सांगायचं होतं ते मला त्या क्षणी पूर्ण माहीत होतं. की तुम्ही जे करता ते चार नाही, दोनच्याही आत आहे. की त्यातलंही निम्मं तुम्ही घरी नुसतं बसून खर्च करताच. की चारशे सोळाच्या जागी जेमतेम शंभर लिहा. की डॉक्टरकडे आहारवाली बाई बसते, आजच तिच्याकडे जा, अजून सहा-सात आठवडे हातात आहेत, जेवणातून कापलं तर अजूनही काही होईल. हे सगळं दोन मिनिटांचं बोलणं होतं. पण ठेल्यावर साहेब उभे होते, बाकीचे उभे होते, आणि ते बोलणं सुरू करायचं तर 'चार मी लिहिले' इथून करावं लागलं असतं. शिवाय ऊर्जावीराची गंमत मी घरी, फोनवर, नागपूरच्या मेहुण्याला, इतक्या ठिकाणी रंगवून सांगितली होती की ती बुडवायला जिवावर आलं.

"गुणाकार बरोबर आहे," मी म्हणालो.

त्यांनी कागद नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला, पेनामागे. "मंग झालं," म्हणाले.

आयुष्यात मी थोडं खोटं बोललो आहे. पण पूर्ण खरं असलेलं इतकं नीच वाक्य दुसरं बोललो नाही.

ते तिसऱ्या मजल्याच्या क्वार्टरमध्ये राहायचे. चोपन्न पायऱ्या. उतरताना कठड्याला धरून, उलटे, तोंड भिंतीकडे करून, जसे शिडीवरून उतरत तसेच. सहाच्या बागेसाठी ते सव्वापाचला घरून निघायचे. पहिल्या मजल्यावरचा शेजारी त्यांच्या येण्याने गजर लावल्यासारखा उठायचा. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. ती पायऱ्यांच्या तोंडाशी काठी घेऊन उभी राहायची आणि ते खाली पोचले की काठी वरून सोडून द्यायची. काठी आपटल्याचा आवाज झाला की सेक्टरमध्ये साडेपाच वाजलेले असायचे. संध्याकाळचा तास ते कधीही चुकले नाहीत. वहिनी सांगायची, मालिकेत कोणी मेलं तरी हात वरच.

दिवाळीनंतर पंधरवड्याने डॉक्टरकडे तारीख होती. मी बरोबर गेलो. त्यांनीच बोलावलं. "तुमच्या हिशोबानं चाल्लं सगळं, तुमीच या," म्हणाले. मी गेलो, कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

इस्पितळातला काटा मोठा, जमिनीला लागून, काचेची आकड्यांची पेटी भिंतीवर. ते चपला काढून चढले. मग उतरून खिशातली किल्ली, मोबाइल, पाकीट आणि तो कागदही वहिनीकडे दिला. पुन्हा चढले. श्वास सोडून उभे राहिले, जणू आतली हवासुद्धा मोजली जाईल.

एकशे तीन पूर्णांक पाच.

नर्सने लिहून घेतलं. ते उतरेनात. "मशीन बिघडली असन," म्हणाले. नर्स स्वतः चढून उतरली. मशीन ठीक होती.

डॉक्टर तरुण होता, घाईत होता, वाईट नव्हता. म्हणाला, "काका, तीन महिने में आधा किलो? मैंने आठ बोला था. कुछ किया भी?"

"रोज दोन टाइम," क्रेनभाऊ म्हणाले. "चारशे सोळा, दोन टाइम."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, की हा माणूस काय बोलतो आहे. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर रुग्णवाहिकेचा चालक टायरला लाथ मारून हवा तपासत होता.

"ऐसे में बेहोश नहीं कर सकता मैं आपको. शुगर भी बढ़ी है. वजन कम करके आइए, फिर देखेंगे."

फिर देखेंगे याची तारीख त्याने लिहिली नाही.

त्या रात्री मी घरी बसून त्यांचा हिशोब पहिल्यांदा नीट केला. बसून सूचना ऐकणं, खुर्चीवर हात ताणणं पस्तीस मिनिटं, प्राणायाम, शवासन. तासाला दोन मेटला किंचित कमी. एकशे चारने गुणलं की दोनशे पाच. नुसतं बसण्याचे एकशे चार वजा, उरले एकशे एक. संध्याकाळचेही तेवढेच धरले. दोनशे. त्यातून समोशाची सूट दीडशे वजा. दिवसाला पन्नास. नव्वद दिवसांचे साडेचार हजार. भागिले सात हजार सातशे.

अर्ध्या किलोहून किंचित जास्त.

एकतीस वर्षांत माझा एकही तक्ता भट्टीशी इतका जुळला नव्हता. शरीराने कणभर लबाडी केली नव्हती. हे उत्तर मी दुसऱ्या महिन्यातच ठेल्यावर उभ्या उभ्या काढू शकलो असतो.

दुसऱ्या दिवशी ते बागेत आले. खुर्चीवर बसले. बोर्डाकडे पाहिलं नाही. व्यायाम सुरू व्हायच्या आधी मला बोलावलं.

"सांगा आता. खरं."

मी सांगितलं. मेट म्हणजे काय, चार कोणाचे, दोन कोणाचे, बसण्याचे वजा का करायचे. कागद दाखवला. त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचला. समजायला मला दोन रात्री लागल्या होत्या, त्यांना पाच मिनिटं.

"चार कोनी लिवले?"

"साहेबांनी सांगितले."

"लिवले कोनी?"

"मी."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं शिवी देतील. शिवी मिळाली असती तर तिथेच फिटलं असतं. "तवाच सांगाचं होतं," एवढंच म्हणाले. "मी समोसा नसता खाल्ला."

आता मला सत्याचा झटका आला. मी साहेबांकडे गेलो आणि सांगितलं की बोर्ड चुकीचा आहे, एका माणसाचं ऑपरेशन त्यापायी राहिलं, बोर्ड पुसा. गटाचा वार्षिक कार्यक्रम चार दिवसांवर होता. पाहुणे म्हणून प्लांटचे एक मोठे अधिकारी यायचे होते, आणि पहिलं बक्षीस, एक पितळी सूर्य, ऊर्जावीराला जायचं होतं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे वजनामुळे भाऊ पुढे दिसतात?"

"हो. वजनाने भागलं तर किलोमागे कोणी किती केलं ते कळेल."

"बरोबर. हे शास्त्रीय आहे." ते खूश दिसले. "किलोमागे काढू. आणि जो जसा करतो तसे मेट धरू. न्याय झाला पाहिजे."

मी न्याय करून दिला. सगळ्यांचा. साहेब म्हणाले ते सूर्यनमस्कार वेगाने घालतात, तेव्हा त्या पंधरा मिनिटांना चार धरा. धरले, कारण ते खरोखरच वेगाने घालायचे. त्यांचे आले किलोमागे दोन पूर्णांक त्रेचाळीस. बाकीच्यांचे दोन पूर्णांक सव्वीसच्या आसपास. क्रेनभाऊंचे एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव. यादी मी स्वच्छ अक्षरात काढली. ती कशाला लागणार आहे हे विचारलं नाही. सत्य सांगून मोकळा झालेला माणूस पुढचं काही विचारत नाही.

कार्यक्रम संध्याकाळी होता. बागेत मंडप, तीन पायऱ्यांचं स्टेज. क्रेनभाऊ वहिनीला घेऊन आले. वहिनीने नवी साडी नेसली होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की बक्षीस बदललं आहे. मला वाटलं साहेबांनी सांगितलं असेल. साहेबांना वाटलं मी सांगितलं असेल. क्रेनभाऊ पहिल्या रांगेत स्टेजच्या पायऱ्यांजवळ बसले आणि पायऱ्या मोजताना मी त्यांना पाहिलं. ओठ हलत होते. तीन.

ऑपरेशन नाही, निदान हे तरी, असा तो चेहरा होता.

साहेबांनी माइकवर शास्त्रावर भाषण केलं. आपल्या गटाने आता आंधळी मोजणी सोडून मेट पद्धत स्वीकारली आहे, असं पाहुण्यांना सांगितलं. पाहुण्यांनी मान डोलावली. ते मोबाइलवर काहीतरी वाचत होते. मग निकाल. प्रथम क्रमांक स्वतःच जाहीर करणं बरं दिसेना, म्हणून साहेबांनी माझी यादी गटातल्या एका बाईच्या हातात दिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं की तीनच नावं वाचायची आहेत. तिने सगळी वाचली. प्रत्येक नावापुढे आकडा. नावं संपत आली तसे मागून लोक मोजायला लागले की आता कोण राहिलं.

"एकोणतिसावा, म्हणजे शेवटचा क्रमांक," बाई म्हणाली, आणि क्रेनभाऊंचं नाव घेतलं. "एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव."

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हमारे ऊर्जावीर!"

हशा झाला. या वेळी क्रेनभाऊंना समजलं की कोणाला हसतात. आणि मला वाटतं, मागच्या सगळ्या वेळी कोणाला हसत होते तेही समजलं. ते खुर्चीतच होते. वहिनीने विचारलं, "तुमचं नाव घेतलं न? जा न मंग." तिला शेवटचा म्हणजे काय ते ऐकू आलं नव्हतं. ती टाळ्या वाजवत होती. एकटीच.

पितळी सूर्य साहेबांनी पाहुण्यांच्या हातून स्वीकारला. आधी नको नको म्हणाले.

नंतर सगळ्यांना डबे वाटले. आत एक समोसा, एक बर्फी, वेफर्स. क्रेनभाऊंनी डबा उघडला. समोसा हातात घेऊन सवयीने मधोमध मोडला. अर्धा खाल्ला. उरलेल्यातला एक घास घेतला. थोडा वेळ थांबले. मग उरलेलाही खाल्ला, हळू, तुकडे न सांडता. मग बर्फी. मग वहिनीच्या डब्यातला समोसा.

परत जाताना मी बरोबर निघालो. नको म्हणाले नाहीत. इमारतीच्या पायथ्याशी वहिनी काठी घेऊन पुढे गेली. ते एक हात कठड्यावर, एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर. तिसऱ्या पायरीला थांबले. मी दोन पायऱ्या मागे राहून बघत होतो. हळू जिना चढणं हे माझ्या यादीत होतं. चार मेट. तीन महिन्यांत साहेबांचे सूर्यनमस्कार सोडले तर बागेत कोणी न केलेलं चार हा माणूस रोज घरी जाताना करत होता आणि ते कोणी बोर्डावर लिहिलं नव्हतं.

वीस मिनिटं लागली. दाराशी ते चौकटीला टेकले, माळ होती त्या खिळ्याखाली. श्वास लागला होता.

"याचे किती?" त्यांनी वरून विचारलं.

मी थांबण्याची मिनिटं वजा केली. खरं चढणं चार मिनिटांचं. बसण्याचे वजा.

"एकवीस," मी म्हणालो.

"समोसा केवढा?"

"एक घास."

"म्हंजे वरचा घास फिटला," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

ते पुन्हा बागेत आले नाहीत. डॉक्टरकडेही गेले नाहीत. सकाळी साडेपाचला काठी पडल्याचा आवाज आता येत नाही, आणि पहिल्या मजल्यावरचा शेजारी उशिरा उठतो. बोर्ड अजून आहे. साहेबांच्या सांगण्यावरून आम्ही आता किलोमागे लिहितो. बरोबर असतं. मी स्वतः तपासतो.